लाखातल्या थोड्याच पेशी: आयपीएस कशा तयार होतात आणि भ्रूणाच्या मूलपेशींहून वेगळ्या कुठे पडतात

प्रश्न: त्वचेच्या किंवा रक्ताच्या पेशीला चार जनुकं दिली की ती पुन्हा भ्रूणातल्या पेशीसारखी होते, असं वाचलं. म्हणजे आत नेमकं काय होतं? आणि हे जमत असेल तर भ्रूणातून काढलेल्या मूलपेशी अजून कशाला वापरतात? दोन्ही सारख्याच ना?

उत्तर:

आधी एक गैरसमज काढून टाकते. चार जनुकं दिली की पेशी बदलते, असं होत नाही. बहुतेक पेशी बदलतच नाहीत. काही मरतात, काही विभागायच्या थांबतात, बऱ्याचशा थोड्या बिथरतात आणि होत्या तशाच राहतात. २००७ मध्ये जपानमधल्या क्योटोच्या गटाने माणसाच्या त्वचेच्या पेशींवर हा प्रयोग पहिल्यांदा केला, तेव्हा ५० हजार पेशींमागे वळलेल्या पेशींच्या साधारण दहा वसाहती, म्हणजे पुंजके, मिळाल्या होत्या. आज पद्धती सुधारल्या आहेत, तरी शेकड्यात एखादी पेशी वळली तर आम्ही खूश असतो. त्यामुळे 'आत नेमकं काय होतं' या प्रश्नाचं अर्धं उत्तर 'बाकीच्यांमध्ये ते का होत नाही' यात आहे.

अशा वळलेल्या, शरीरातली कुठलीही पेशी पुन्हा बनू शकणाऱ्या पेशींना आयपीएस म्हणतात, आणि मी गेली बरीच वर्षं त्या वाढवते. (सुरुवातीला घरी सांगितलं की आता आयपीएसचं काम आहे, तर आत्याने शेजारी पेढे वाटायची तयारी केली होती. तिला वाटलं पोलिसांतलं.)

त्वचेची पेशी आणि मेंदूची पेशी यांच्या केंद्रकातला डीएनए एकच असतो. जॉन गर्डन यांनी १९६२ मध्येच बेडकाच्या आतड्याच्या पेशीतलं केंद्रक अंड्यात घालून त्यापासून जीव वाढवून दाखवला होता. म्हणजे पेशी विशिष्ट कामाची झाली तरी तिच्यातली माहिती पुसली जात नाही. फक्त त्या कामाला नको असलेली जनुकं मिटून ठेवलेली असतात. डीएनए प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो, आणि नको असलेल्या भागातली रिळं घट्ट एकमेकांत दाबलेली असतात. वर डीएनएवर ठिकठिकाणी मिथाइलची खूण असते, तिचा अर्थ साधारण 'हे उघडू नका' असा. अंड्याच्या आत असं काहीतरी असतं की जे हे सगळं पुन्हा मोकळं करतं. ते काय, हा प्रश्न त्यानंतर चाळीसेक वर्षं लोंबकळत राहिला.

त्याच क्योटोच्या गटातल्या शिन्या यामानाका आणि काझुतोशी ताकाहाशी यांनी तो ज्या पद्धतीने सोडवला ती मला आजही आवडते, कारण ती अगदी स्वयंपाकघरातली आहे. भ्रूणाच्या मूलपेशींत महत्त्वाची वाटणारी २४ जनुकं त्यांनी निवडली आणि ती सगळी एकदम उंदराच्या त्वचेच्या पेशींत घातली. थोड्या वसाहती आल्या. मग दर वेळी २४ पैकी एक जनुक वगळून पाहिलं. मीठ वगळलं की लगेच कळतं, धणे वगळले तर कळत नाही, तसं. ज्यांच्यावाचून बिघडतं अशी दहा उरली आणि त्यांतून शेवटी चार: ऑक्ट४, सॉक्स२, केएलएफ४ आणि सी-मिक. हे २००६ साली प्रसिद्ध झालं आणि २०१२ मध्ये गर्डन आणि यामानाका यांना मिळून नोबेल मिळालं.

या चौघांचं काम सारखं नाही. ऑक्ट४, सॉक्स२ आणि केएलएफ४ यांची प्रथिनं दाबून ठेवलेल्या डीएनएवरही जाऊन बसू शकतात. इतर बहुतेक नियंत्रक प्रथिनांना जागा आधी उघडी लागते, यांना लागत नाही. सी-मिक पेशीला भराभर विभागायला लावतं. त्याने काम वेगाने होतं, पण ते कर्करोगातलं कुप्रसिद्ध जनुक आहे.

सुरुवातीच्या दिवसांत ही प्रथिनं सैरभैर बसतात. जुनी ओळख पुसायला लागते: त्वचेच्या लांबट, सुट्या पेशी आखडून एकमेकींना चिकटायला लागतात. हा टप्पा बऱ्याच पेशी गाठतात. अडतं ते पुढे. पेशीचं स्वतःचं ऑक्ट४, स्वतःचं सॉक्स२ आणि नॅनॉग नावाचं आणखी एक जनुक मिथाइलच्या खुणांखाली मिटलेलं असतं. ती खूण निघायला पेशीला अनेकदा विभागावं लागतं, आणि कुठे, कधी निघेल हे बऱ्याच अंशी नशिबावर असतं. शिवाय पी५३ हे पहारेकरी जनुक या गडबडीला धोका समजून पेशीला थांबवतं किंवा मारतं. जिच्यात ही तिन्ही जनुकं जागी होतात तिथे खरा बदल घडतो, कारण ती एकमेकांना चालू ठेवतात. ऑक्ट४ नॅनॉगला चालू ठेवतं, नॅनॉग ऑक्ट४ला. विरजण लागलं की चमचा काढून घेतला तरी दही दहीच राहतं, तसं आता बाहेरून दिलेली जनुकं काढून घेतली तरी चालतं. किंबहुना ती काढून घेतल्यावरही पेशी तशीच राहते का, हीच आयपीएस झाल्याची कसोटी. विरजणाची तुलना एका ठिकाणी मोडते: इथे पातेल्यातलं जवळजवळ सगळं दूध दूधच राहतं.

ही कसोटी किती कडक ठेवायची यावर काय हाती लागेल ते ठरतं. २००६ च्या प्रयोगात वळलेल्या पेशी ओळखायला एफबीएक्स१५ या जनुकाला औषधाविरुद्धच्या प्रतिकाराशी जोडलं होतं. ते जनुक चालू झालेल्या पेशी औषधातून वाचायच्या, बाकीच्या मरायच्या. पण एफबीएक्स१५ फार लवकर चालू होतं. त्या पेशी दिसायला मूलपेशींसारख्या, गुणांत अर्ध्या कच्च्या निघाल्या: त्या उंदराच्या भ्रूणात मिसळल्या तर पूर्ण वाढलेला उंदीर जन्मत नव्हता. पुढच्या वर्षी एफबीएक्स१५ च्या जागी नॅनॉगची कसोटी लावली आणि मग उंदीर जन्मले, मोठे झाले, त्यांच्या पिल्लांतही या पेशींचा वारसा उतरला. त्याच अभ्यासात दुसरी गोष्टही कळली. त्या संततीपैकी सुमारे २० टक्के उंदरांना गाठी झाल्या, कारण जनुकं पेशीत पोचवायला वापरलेल्या रेट्रोव्हायरसने आणलेलं सी-मिक डीएनएत कायमचं शिवलं गेलं होतं आणि पुढे पुन्हा जागं झालं होतं.

म्हणून आता आम्ही जनुकं डीएनएत शिवत नाही. ती पोचवायला बहुतेक ठिकाणी सेंदाई विषाणू वापरतात. जपानच्या सेंदाई शहराच्या नावाचा हा उंदरांचा श्वसनाचा विषाणू. तो आरएनएचा, आणि केंद्रकात जातच नाही. पेशींच्या वाटणीत तो पातळ होत होत दहाएक पॅसेजमध्ये नाहीसा होतो. पॅसेज म्हणजे एका प्लेटमधल्या पेशी सोडवून नव्या प्लेटमध्ये पसरवणं.

एक नेहमीचा घाणा कसा जातो ते सांगते. पाच-दहा मिलिलिटर रक्त घेतलं, पांढऱ्या पेशी वेगळ्या केल्या, आठवडाभर अशा मीडियात, म्हणजे पोषक द्रवात, वाढवल्या की लाल रक्तपेशींच्या पूर्वज पेशी वाढाव्यात आणि लिम्फोसाइट मागे पडाव्यात. यामागे कारण आहे. टी लिम्फोसाइट पक्व होताना स्वतःच्या डीएनएतला एक तुकडा कापून नव्याने जोडते. तिच्यापासून आयपीएस केली तर तो कापलेला तुकडा परत येत नाही, कारण रीप्रोग्रामिंगने, म्हणजे पेशीला असं मागे वळवण्याने, खुणा पुसतात, डीएनएची अक्षरं बदलत नाहीत. मग लाखभर पेशींना विषाणू दिला. तिसऱ्या दिवशी त्या लेप दिलेल्या प्लेटवर टाकल्या आणि हळूहळू मूलपेशींच्या मीडियावर आणल्या. पहिला आठवडा प्लेट अगदी उदास दिसते: निम्म्या पेशी मेलेल्या, तरंगणाऱ्या. नवीन विद्यार्थी इथेच हात टेकतात. दहाव्या-बाराव्या दिवशी कुठेतरी पाच-सात पेशींचा घट्ट पुंजका दिसतो. तिसऱ्या आठवड्यात त्यांतले काही सपाट, काठ सुरीने कापल्यासारखा, आत पेशी दाटीवाटीने बसलेल्या, केंद्रक मोठं आणि भोवती द्रव्य नावाला, असे होतात. ते सूक्ष्मदर्शकाखाली सुईने खरवडून एकेक वेगळ्या खणात टाकायचे. प्रत्येक वसाहत म्हणजे एक स्वतंत्र क्लोन, आणि एकाच माणसाचे दोन क्लोन सारखे वागतीलच असं नाही. म्हणून आम्ही डझनभर तरी उचलतो आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत त्यातले बहुतेक टाकून देतो.

टाकून का देतो? काही क्लोन विषाणू गेल्यावर विस्कटतात, म्हणजे विरजणाचा चमचाच धरून बसलेले असतात. काहींच्या कडा पसरट होऊन पेशी आपोआप बदलायला लागतात. हे डोळ्यांना दिसतं, त्यामुळे त्यांची भीती नाही. भीती चांगल्या दिसणाऱ्यांची.

आमच्याकडे एकदा एक क्लोन असा लागला की सगळे त्याच्यावर फिदा. दुसऱ्यांना पाच दिवस लागायचे तिथे हा चार दिवसांत प्लेट भरायचा, सोडवताना मरत नव्हता, एकेकटी पेशी ठेवली तरी उभी राहायची. गुणसूत्रांची नेहमीची पट्ट्यांची तपासणी केली, ४६ गुणसूत्रं, सगळं नीट. तरी मला तो पटत नव्हता, कारण ही जात मुळात नाजूक असते. एकटी पेशी सहसा मरतेच, म्हणून सोडवताना मीडियात एक औषध घालावं लागतं. शेवटी २०व्या गुणसूत्राच्या लांब हाताचा एक छोटा भाग, २०क्यू११.२१, मोजून पाहिला. दोनाच्या जागी तीन प्रती निघाल्या. त्या भागात पेशीला मरण्यापासून वाचवणारं बीसीएल२एल१ हे जनुक आहे. ज्या एका पेशीत ही चूक झाली ती मेली नाही, तिची पिलावळ वाढत गेली आणि काही पॅसेजमध्ये सगळी प्लेट तिची झाली. पट्ट्यांच्या तपासणीत काही दशलक्ष अक्षरांहून लहान भाग दिसतच नाहीत, म्हणून ती नीट आली होती. तेव्हापासून माझ्या टेबलावर नियम आहे: क्लोन अचानक वाढायला लागला की आनंद नाही, चाचणी.

आता तुमचा दुसरा भाग. वर सांगितलेली २०व्या गुणसूत्राची चूक भ्रूणाच्या मूलपेशींतही होते, आणि तितकीच नेहमीची आहे. तो आयपीएसचा दोष नव्हे, प्लेटमध्ये महिनोन्‌महिने वाढण्याचा आहे. दोन्हींत फरक शोधताना इथेच लोक गोंधळतात.

भ्रूणाच्या मूलपेशी म्हणजे फलनानंतर पाच-सहा दिवसांच्या ब्लास्टोसिस्टच्या, म्हणजे पोकळ चेंडूसारख्या भ्रूणाच्या, आतल्या पेशीगोळ्यापासून काढलेल्या. माणसातल्या जेम्स थॉमसन यांनी १९९८ मध्ये विस्कॉन्सिनला वेगळ्या केल्या. त्यासाठी वंध्यत्व उपचारातून उरलेले, दात्यांनी दिलेले भ्रूण लागतात आणि ते त्यात संपतात. नैतिक वाद तिथला आहे. आयपीएसला भ्रूण लागत नाही, आणि पेशी कोणाच्या हे माहीत असतं: त्या माणसाचा आजार, वय, कुटुंबातला इतिहास. भ्रूणाच्या पेशीबाबत हे विचारताच येत नाही, ती व्यक्ती कधी झालीच नाही. आजाराचा अभ्यास करायला आयपीएस उजवी ठरते ती यामुळे.

पण पेशी म्हणून? २०१० च्या सुमारास उंदरांवरच्या अभ्यासांत दिसलं की रक्तापासून केलेली आयपीएस पुन्हा रक्तपेशी सहज बनते, त्वचेपासून केलेली तितकी नाही. म्हणजे काही मिथाइलच्या खुणा पुसायच्या राहिल्या होत्या. बरेच पॅसेज केल्यावर ही आठवण फिकट होत गेली. नंतर माणसाच्या आयपीएस आणि भ्रूणपेशी यांची तुलना करणारे अभ्यास एकामागून एक आले, आणि कोणी म्हणे सारख्या, कोणी म्हणे वेगळ्या. घोळ असा होता की एकाच्या आयपीएसची तुलना दुसऱ्याच कोणाच्या भ्रूणपेशीशी होत होती. दोन माणसांत फरक असणारच.

हार्वर्डच्या गटाने २०१५ मध्ये हा घोळ छान सोडवला. त्यांनी भ्रूणाच्या मूलपेशींची लाइन, म्हणजे एकाच मूळच्या, प्लेटमध्ये वाढत राहणाऱ्या पेशी, घेतली, तिच्यापासून त्वचेसारख्या पेशी बनवल्या आणि त्या पेशी परत रीप्रोग्राम करून आयपीएस केल्या. आता दोन्हींचा डीएनए अक्षरशः एक. मग जनुकांच्या वापरातले फरक मोजले, तर आधी दिसणारे बहुतेक गळून पडले. दोन वेगळ्या माणसांच्या लाइन्समधला फरक भ्रूणपेशी आणि आयपीएस यांच्यातल्या फरकाहून मोठा निघाला. माझा अनुभवही हाच आहे. लेबलं काढून दोन प्लेट समोर ठेवल्या तर कोणती भ्रूणाची हे मला सांगता येणार नाही.

उरतो तो इतिहासाचा फरक. पाच दिवसांच्या भ्रूणातल्या पेशीने फारसं आयुष्य पाहिलेलं नसतं. साठ वर्षांच्या माणसाच्या त्वचेतली पेशी उन्हात वाळलेली, हजारदा दुरुस्त झालेली असते. तिच्या डीएनएत जमलेल्या चुका रीप्रोग्रामिंगने जात नाहीत, आणि आयपीएस एकाच पेशीपासून वाढते, त्यामुळे त्या एकीच्या चुका अख्ख्या लाइनमध्ये जातात.

डीएनएतले असे बदल किती महागात पडतात ते जपानमधल्या कोबे शहरात दिसलं. मासायो ताकाहाशी यांच्या गटाने १२ सप्टेंबर २०१४ रोजी वयोमानाने डोळ्याचा मध्यबिंदू खराब झालेल्या, सत्तरी ओलांडलेल्या एका बाईच्या डोळ्यात तिच्याच त्वचेपासून केलेल्या आयपीएसच्या पेशी बसवल्या. माणसात आयपीएसचा हा पहिला वापर. डोळा निवडण्यामागे व्यवहार होता. पडद्यामागच्या रंगद्रव्याच्या पेशी तपकिरी, षटकोनी असतात, त्यामुळे शुद्ध थर नजरेला कळतो, आणि डोळ्यात काही वावगं वाढलं तर बाहेरून दिसतं. त्यात न बदललेली एखादी आयपीएस पेशी राहिली तर तिची गाठ होऊ शकते, म्हणून मूलपेशीतच चालू असणाऱ्या लिन२८ या जनुकाचा मागमूस शोधणारी चाचणी लावली. थराचा आकार १.३ बाय ३ मिलिमीटर, तांदळाच्या दाण्याहून लहान. त्वचा घेण्यापासून शस्त्रक्रियेपर्यंत सुमारे दहा महिने गेले. वर्षानंतर थर जागेवर होता, नाकारला गेला नव्हता, गाठ नव्हती. नजर सुधारली नव्हती, पण बिघडलीही नव्हती.

दुसऱ्या रुग्णाच्याही पेशी तयार झाल्या. जनुकीय तपासणीत त्यांच्यात असे बदल सापडले जे त्याच्या मूळ त्वचेच्या नमुन्यात नव्हते. ते घातक होते असं सिद्ध झालं नव्हतं, पण नाहीत असंही कोणी सांगू शकत नव्हतं. ते प्रत्यारोपण झालं नाही. पुढे २०१७ मध्ये याच क्षेत्रातल्या लोकांनी दुसऱ्या दात्यांच्या, ऊती जुळणी पाहून निवडलेल्या आयपीएसकडे मोर्चा वळवला. प्रत्येक रुग्णासाठी नवी लाइन करायची, तिचे डझनभर क्लोन तपासायचे, आणि शेवटी ती टाकून द्यावी लागेल याची तयारी ठेवायची, हे परवडणारं नव्हतं. एकदा कसून तपासलेली लाइन गोठवून शेकडो जणांना वापरता येते.

आणि एकदा दुसऱ्याच्या पेशी वापरायच्या ठरल्या की भ्रूणपेशीची लाइनही तितकीच उपयोगाची ठरते. म्हणून ती अजून वापरात आहे. एप्रिल २०२५ मध्ये पार्किन्सनवरचे दोन छोटे प्रयोग एकदमच प्रसिद्ध झाले. क्योटोच्या गटाने दात्याच्या आयपीएसपासून डोपामिन बनवणाऱ्या पेशींच्या पूर्वज पेशी तयार करून सात जणांच्या मेंदूत घातल्या. उत्तर अमेरिकेतल्या गटाने तशाच पेशी भ्रूणाच्या मूलपेशींच्या, विस्कॉन्सिनच्याच जुन्या लाइनपासून केल्या आणि बारा जणांना दिल्या. दोन्हीकडे पेशी जगल्या, दोन्हीकडे त्यांच्या गाठी झाल्या नाहीत. आणि आयपीएसचा मूळ दावा शरीर पेशी नाकारणार नाही हा होता, तरी क्योटोच्या रुग्णांनाही प्रतिकारशक्ती दाबणारं टॅक्रोलिमस घ्यावं लागलंच, कारण त्यांच्या मेंदूत गेलेल्या पेशी त्यांच्या स्वतःच्या नव्हत्या.